गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन: वाचता न येणाऱ्या बाईला धोका, फायदा आणि दुसरे उपाय कसे सांगायचे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या रुग्णालयांत संमती समजावून सांगण्याचं काम करणारे डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि आशाताई यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरणाला एकच ऑपरेशन घेतलं आहे, कारण याला दुसरे उपाय बरेच आहेत आणि तेच सांगायचे सर्वांत जास्त वेळा राहून जातात. पाळीत जास्त रक्त जातं म्हणून, आधी तारीख ठरवून केलेल्या ऑपरेशनबद्दल इथे लिहिलं आहे. कॅन्सर किंवा बाळंतपणातला अतिरक्तस्राव यांचे नियम वेगळे आहेत.

अंगठा घेतला, साक्षीदाराची सही घेतली. मग संमती झाली ना?

कागद झाला. संमती झाली की नाही, ते त्याच्या आधीच्या संभाषणावर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात हे स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या 44 वर्षांच्या बाईची गर्भपिशवी आणि अंडाशय काढण्यात आले, आणि त्यासाठी संमती घेतली होती तिच्या आईची. बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, जिवाला लगेच धोका नव्हता, म्हणून ती संमती न्यायालयाने मानली नाही. डॉक्टरांची फी नाकारली आणि 25,000 रुपये भरपाई द्यायला लावली. ऑपरेशन काय, कशासाठी, फायदा किती, धोका कोणता, दुसरे उपाय कोणते आणि काहीच केलं नाही तर काय होईल, इतकं बाईला कळलं पाहिजे, असं त्या निकालात आहे. पुढचं सगळं पान याच सहा गोष्टींभोवती फिरतं.

नवऱ्याची सही लागते का?

2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत मूल होणं बंद करू शकणाऱ्या ऑपरेशनसाठी नवरा-बायको दोघांची संमती घ्यावी असं म्हटलं आहे, म्हणून रुग्णालयं दोघांची सही घेतात. पण नवऱ्याची सही बाईच्या सहीच्या जागी चालत नाही. नवरा सुरतला कामाला आहे आणि सासऱ्याने अंगठा दिला, याला तर काहीच अर्थ नाही. उलटंही होतं: बाईला नको असतं आणि घरच्यांनी तारीख ठरवलेली असते. म्हणून संभाषणातला निदान काही भाग तिच्याशी एकटीशी व्हावा. त्यासाठी निमित्त शोधावं लागत नाही. “वजन करून घेऊ, चला आत,” एवढं म्हटलं की पुरतं.

फॉर्म मराठीत आहे, मी तो मोठ्याने वाचून दाखवते. तरी बाया काही विचारत नाहीत. का?

कारण फॉर्म पुस्तकी मराठीत आहे. शिरपूर किंवा साक्रीच्या अहिराणी बोलणाऱ्या बाईला रोजची मराठी कळते. “शस्त्रक्रियेतील संभाव्य गुंतागुंत” कळत नाही. ती मान हलवते, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ “ऐकते आहे” एवढाच असतो. धडगाव-अक्कलकुव्याकडची पावरी किंवा भिली बोलणारी बाई असेल तर रोजची मराठीही अर्धीच पोचते. तिथे दुभाषा लागतो. तो तिचा नवरा किंवा दहावीतला मुलगा नसावा. पाळीबद्दल मुलासमोर ती बोलणार नाही, आणि नवरा त्याला हवं तेवढंच पुढे सांगेल. त्या भाषेतली परिचारिका किंवा आशा चालेल. दुभाषाला आधी पाच मिनिटं बसवून प्रत्येक शब्दाला त्या भाषेत काय म्हणणार ते विचारून घ्या.

शब्दांचे सापळे मात्र कोणत्याही भाषेत आहेत. सर्वांत मोठा सापळा “पिशवी” या शब्दात आहे. बाईसाठी पिशवी म्हणजे गर्भपिशवी. आपण मात्र “पिशवीला इजा होऊ शकते” म्हणतो तेव्हा मूत्राशय म्हणत असतो, आणि “दोन दिवस पिशवी लावू” म्हणतो तेव्हा लघवी जमा करायची प्लास्टिकची पिशवी. तीन पिशव्या एका दमात आल्या की ऐकणारीला वाटतं, एक काढून दुसरी बसवणार आहेत. म्हणून “मूल राहतं ती पिशवी”, “लघवी साठते तो फुगा” आणि “पलंगाला टांगायची लघवीची थैली” अशी तीन वेगळी नावं ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

“ऑपरेशन” हाही तसाच. गावात “माझं ऑपरेशन झालंय” म्हणजे नसबंदी झाली आहे. त्यामुळे “ऑपरेशनला तयार आहात का?” याला “ते तर कधीच झालं” असं उत्तर आलं तर बाई गोंधळलेली नाही, प्रश्नच गोंधळाचा आहे. “धोका” या शब्दात फसवणुकीचाही अर्थ आहे आणि मरणाचाही, म्हणून त्याऐवजी “काय बिघडू शकतं” म्हणा. “पर्याय” म्हणू नका, “दुसरा उपाय” म्हणा.

“हजारात सात” असं सांगितलं तर कळतं का?

तोंडी सांगितलेले लहान आकडे फारसे टिकत नाहीत. टक्केवारी तर नकोच, कारण “शंभर टक्के” म्हणजे आपल्याकडे फक्त “नक्की”. पण बचत गटातल्या बाईला “शेकडा दोन” व्याज म्हणजे शंभर रुपयांमागे दोन रुपये, हे पक्कं ठाऊक असतं. शाळा न शिकलेल्या बाईच्या हिशेबातही शेकडा असतो. तोच वापरा: “शेकडा चार बायांना काहीतरी मोठं बिघडतं. शहाण्णव जणींना तसं काही होत नाही.” दोन्ही बाजू सांगणं महत्त्वाचं. नुसतं चार म्हटलं तर बाई घाबरते, नुसतं शहाण्णव म्हटलं तर निर्धास्त होते.

सोबत स्टीलच्या ताटात शंभर दाणे ज्वारीचे आणि त्यातले चार काढून चार काळे उडीद टाका. ताट तिच्या हातात द्या, हलवायला सांगा. मग डोळे मिटून एक दाणा उचलायला सांगा. ज्वारी आली की विचारा, “म्हणजे उडीद नाहीच का ताटात?” संभाव्यता शिकवायची यापेक्षा स्वस्त पद्धत आम्हाला माहीत नाही.

हजारातले आकडे ताटात बसत नाहीत. त्यासाठी एका कागदावर 25 गुणिले 40 असे हजार चौकोन छापून घ्या आणि सात चौकोन रंगवा. एक चूक टाळा: एक धोका “शंभरात 2”, दुसरा “हजारात 7” असं सांगितलं की सात मोठा वाटतो. जे हजारात सांगायचं ते सगळं हजारातच सांगा.

नेमके आकडे कोणते सांगायचे?

स्वतःच्या रुग्णालयाची नोंद असेल तर तीच सर्वांत खरी. नसेल तर ब्रिटनच्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने पोट उघडून केलेल्या, कॅन्सर नसलेल्या ऑपरेशनसाठी दिलेले आकडे अंदाजाला धरता येतात. मोठं काहीतरी बिघडण्याचं प्रमाण शंभरात साधारण 4 बाया. रक्त चढवावं लागणं हजारात 23. मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा हजारात 7. पुन्हा ऑपरेशन टेबलवर घ्यावं लागणं हजारात 7. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ हजारात 4. मृत्यू एक लाखात 32. हे आकडे तिकडचे आहेत. आधीच रक्त कमी असलेल्या, दोन सिझेरियन झालेल्या बाईसाठी ते जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि तिला तसं सांगायलाही हवं.

सगळे आकडे तिला देऊ नका. एका बैठकीत तीन गोष्टी डोक्यात राहतात, फार तर चार. मोठ्या बिघाडाचा शेकडा, रक्त चढवण्याची शक्यता, लघवीच्या फुग्याची इजा, आणि मृत्यू क्वचित पण होऊ शकतो हे. बाकीचं तिने विचारलं तर सांगा.

प्रत्येक धोक्याला दोन गोष्टी जोडा: तो तिला कसा कळेल आणि मग काय करू. “मूत्रवाहिनीला इजा” हे वाक्य पोकळ आहे. त्याऐवजी: “घरी गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत लघवी आपोआप, न थांबता खालून गळायला लागली तर ते दुखणं आहे. लाजू नका, त्याच दिवशी या. ते नीट करता येतं, पण पुन्हा ऑपरेशन लागू शकतं.” असं सांगितलेली बाई परत येते. न सांगितलेली बाई घरात कापड बदलत बसते.

फायदा तर उघड आहे. तोही समजावून सांगायचा?

हो, आणि त्याची हद्दही. पाळी आणि पाळीतलं रक्त जाणं कायमचं बंद होतं, हे खरं. पण “पिशवी काढली की सगळा त्रास जाईल” अशा आशेने आलेल्या बाईची कंबर, थकवा किंवा डोकेदुखी जाईलच असं नाही. नुसतं पांढरं पाणी जातं म्हणून पिशवी काढायची गरज नसते, त्याला औषध आहे. “ठेवली तर कॅन्सर होईल” हे वाक्य तपासणीत तसं काही दिसलं नसताना बोलणं म्हणजे घाबरवून अंगठा घेणं. पिशव्या विनाकारण काढल्या जातात, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही मानलं आहे. ते टाळण्यासाठी 2022 मध्ये त्यांनी मार्गदर्शक सूचना काढल्या.

बाईच्या मनातल्या कल्पनाही बाहेर येऊ द्या. पोट पोकळ होतं, घाण रक्त आत साठतं, नवऱ्याजवळ जाता येत नाही, कापूस वेचायला ताकद राहत नाही. यातलं काय खरं आणि काय नाही, ते तिने विचारल्याशिवाय कळणार नाही. म्हणून “बाकीच्या बाया काय म्हणतात या ऑपरेशनबद्दल?” असा प्रश्न टाका. स्वतःची भीती दुसऱ्या बाईच्या नावाने सांगणं सोपं जातं.

अंडाशयाचा विषय वेगळा का काढायचा?

कारण “पिशवी काढणे” यात तो लपून जातो. दोन्ही अंडाशय काढले तर पाळी जाण्याच्या वयाआधीच एका दिवसात पाळी गेल्याचा त्रास सुरू होतो: अंगातून वाफा, झोप उडणे, पुढे हाडं ठिसूळ होणे, हृदयरोगाचा धोका वाढणे. चाळिशीतल्या बाईचे निरोगी अंडाशय सहसा ठेवतात. ठेवले तरी पाळी जाण्याची वेळ थोडी आधी येऊ शकते. “बाळाची बी तयार होते त्या दोन गाठी राहू देऊ की काढू?” हा प्रश्न वेगळा विचारा आणि उत्तर वेगळं लिहा. मात्र “गाठी” हा शब्द फायब्रॉइडसाठी वापरत असाल तर इथे “बी” म्हणा. नाहीतर पुन्हा तोच पिशव्यांचा गोंधळ.

दुसरे उपाय सांगितले की बाई म्हणते, “तुम्हीच सांगा, साहेब.” मग?

ते उत्तर मनापासून असतं आणि त्याला उडवून लावू नये. तुमचा सल्ला द्या, पण आधी तिच्या दृष्टीने काय महत्त्वाचं आहे ते विचारा. नाहीतर सल्ला तुमच्या सोयीचा होतो. पुढचं उदाहरण घेऊ.

शिरपूर तालुक्यातली 43 वर्षांची बाई. दोन वर्षांपासून पाळीत आठ-आठ दिवस रक्त जातं. सोनोग्राफीत पिशवीच्या भिंतीत अडीच सेंटिमीटरची एक गाठ. अस्तराचा तुकडा तपासला, कॅन्सर नाही. हिमोग्लोबिन 7.8. मुलं तीन, नसबंदी झालेली. ऑगस्ट महिना आहे, कापूस वेचणी दसऱ्यानंतर.

तिच्यापुढे खरोखर चार वाटा आहेत. पहिली, फक्त रक्तवाढीची औषधं घेत वाट पाहणे, कारण पाळी जाण्याचं वय फार लांब नाही आणि पाळी गेल्यावर अशी गाठ सहसा आक्रसते. दुसरी, पाळीच्या दिवसांतल्या गोळ्या. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, जास्त रक्त जाण्याच्या चार-पाच दिवसांपुरत्या. त्याने रक्त साधारण निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतं. पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली असेल तर त्या देत नाहीत. तिसरी, हार्मोनची तांबी. चौथी, पिशवी काढणे.

हार्मोनच्या तांबीवर थोडं थांबू, कारण ती सर्वांत जास्त नाकारली जाते आणि नाकारण्याचं कारण ऐकण्यातच असतं. बाईला “तांबी” म्हणजे सरकारी दवाखान्यातली कॉपर-टी माहीत असते. तिने रक्त जास्त जातं हेही माहीत असतं, आणि ते खरंही आहे. म्हणून “रक्त कमी करायला तांबी बसवू” हे तिला उलटं वाटतं. “दिसायला तशीच, पण तांब्याची नाही, तिच्यात औषध आहे,” असं म्हणून दोन्ही हातात द्या. दुसरं, पहिले तीन ते सहा महिने थोडं-थोडं, अवेळी रक्त दिसतं. हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्या महिन्यात “बिघडली” म्हणून काढायला येते. त्यानंतर मात्र बहुतेकींचं रक्त खूपच कमी होतं आणि परिणाम पाच वर्षं तरी टिकतो. कापडाची किंमत विचारल्यासारखी तिची किंमतही ती विचारेल. तुमच्या दवाखान्यात फुकट मिळते की बाहेरून आणावी लागते, ते आधी माहीत करून ठेवा.

आता तिच्यापुढे या वाटा अशा मांडा:

“ताई, चार वाटा आहेत. एकेक सांगते, मधे अडवा. एक, नुसत्या रक्ताच्या गोळ्या. ऑपरेशन नाही, पण पाळीत रक्त जाईलच. दोन, पाळीच्या दिवसांत दुसऱ्या गोळ्या. रक्त कमी जाईल, पण दर महिन्याला घ्याव्या लागतील. तीन, ही औषधाची तांबी. एकदा बसवली की झालं, पण पहिले काही महिने डाग पडत राहतील. चार, मूल राहतं ती पिशवी काढून टाकायची. रक्त कायमचं थांबेल. पोटावर टाके येतील, दीड महिना हंडा किंवा गाठोडं उचलायचं नाही, आणि शेकडा चार बायांना काहीतरी मोठं बिघडतं. एकदा काढली की परत बसत नाही. कोणतीही वाट घेतली तरी तुमचं रक्त आधी वाढवायला लागेल, कारण ते आत्ता फार कमी आहे.”

यानंतर गप्प बसा. मनात वीसपर्यंत मोजा. बहुतेक वेळा पहिला खरा प्रश्न याच शांततेत येतो, आणि तो आकड्यांचा नसून “वेचणीला कोण जाईल?” असा असतो. त्या एका प्रश्नाने हिशेब बदलतो. रक्त कमी करणारा उपाय आत्ता सुरू करून ऑपरेशनचा निर्णय संक्रांतीनंतर घेता येईल, हे तिला तेव्हाच दिसतं. तोवर लोहाच्या सलाइनने हिमोग्लोबिनही वाढतं. उशीर चालत नसेल, म्हणजे रक्त इतकं जातंय की चढवावं लागतंय, तर तेही तितक्याच सरळ सांगा.

तिला कळलं की नाही, कसं ओळखायचं?

“समजलं ना?” विचारू नका. त्याला “हो” हे एकच उत्तर आहे. परीक्षा आपली आहे असं म्हणा: “मी बरंच बोलले, नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. घरी सासूबाईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?” मग ऐका. पुढच्या पाच गोष्टी तिच्या शब्दांत यायला हव्यात: काय काढणार, कशासाठी, काय बिघडू शकतं यातल्या दोन तरी गोष्टी, दुसरा निदान एक उपाय, आणि “नाही म्हणाले तरी माझा इलाज होईल”. शेवटची गोष्ट न आल्यास बाकी चारांचा भरवसा धरू नका. जिला नाही म्हणता येतं हेच माहीत नाही, तिचं हो मोजता येत नाही.

एखादी गोष्ट सुटली तर तीच वाक्यं मोठ्या आवाजात पुन्हा म्हणू नका. शब्द बदला, किंवा ताट पुढे ओढा. तिसऱ्यांदाही अडलं तर त्या दिवशी थांबा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या व्यक्तीने सांगावं.

चित्रं वापरली तर काम सोपं होतं का?

होतं, पण गर्भपिशवीचं पुस्तकातलं सुटं चित्र हे बैलाच्या तोंडासारखं दिसतं आणि बरेचदा तसंच ओळखलं जातं. अवयव बाईच्या पूर्ण शरीराच्या रेषेत दाखवा आणि मग तिच्याच पोटावर हात ठेवून जागा दाखवा. बाण आणि फुल्या शाळेत शिकलेल्या खुणा आहेत. फुलीचा अर्थ “करू नका” हे न शिकलेल्याला कळतंच असं नाही. नवीन चित्र छापण्याआधी बाह्यरुग्ण विभागातल्या आठ-दहा बायांना “हे काय आहे?” एवढंच विचारा. तिघी चुकल्या तर चित्र बदला. तीन मिनिटांच्या आतली अहिराणी किंवा पावरीतली ध्वनिफीत मोबाइलवर दिली तर ती घरी पुन्हा ऐकता येते. मात्र त्यात अंडाशयाचा आणि “नाही म्हणता येतं” हा भाग हवाच.

सिकलसेलची तपासणी संमतीत कुठे येते?

नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात ती आधीच व्हायला हवी. सिकलसेलचा आजार असेल तर भुलेत प्राणवायू कमी पडणं, अंग थंड पडणं, पाणी कमी होणं यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. म्हणजे त्या बाईचा धोका वेगळा आहे आणि वर दिलेले आकडे तिला सांगणं चूक ठरेल. विद्राव्यता चाचणी सकारात्मक आली तर पुढची चाचणी करून आजार आहे की ती फक्त वाहक आहे, ते ठरवा. “तुमच्या रक्तात दोष आहे” असं मोघम सांगितलं तर ती लग्नातली अडचण म्हणून लपवते.

हे सगळं कधी करायचं? ऑपरेशनच्या सकाळी चालेल?

नाही. उपाशीपोटी, गाऊन घालून, बाहेर दहा नातेवाईक उभे असताना कोणी नाही म्हणत नाही. झोपेचं किंवा गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर घेतलेला अंगठा तर धरूच नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरवून करायच्या ऑपरेशनला पूर्वमंजुरी लागते. ते मधले दिवस संमतीसाठीच आहेत असं समजा: पहिली बैठक कागद पाठवताना, पंधरा-वीस मिनिटं, दुसरी भरती झाल्यावर, जास्त करून तिला बोलू द्यायला. ऑपरेशनच्या सकाळी फक्त एकच प्रश्न, “अजून तेच ठरलंय ना?” टेबलवर चढेपर्यंत तिला मागे फिरता येतं.

नोंदीत काय लिहायचं?

“रुग्णास समजेल अशा भाषेत समजावले” हा शिक्का कोणालाच काही सांगत नाही. भाषा लिहा, दुभाषाचं नाव आणि पद लिहा, कोणते उपाय सांगितले ते लिहा, आणि तिने परत सांगितलेलं एखादं वाक्य तिच्याच बोलीत उतरवा. कोणत्या हाताचा अंगठा, तारीख आणि वेळही लिहा. साक्षीदार संभाषणाला हजर असलेला हवा, नंतर बोलावलेला वॉर्डबॉय नव्हे. आणि तिने नको म्हटलं असेल तर तेही याच तपशिलात लिहा: काय नाकारलं, न केल्यास काय होईल हे सांगितलं का, रक्तवाढीचं औषध किती दिवसांचं दिलं आणि पुन्हा कधी बोलावलं.